दोनशे बारा गैरहजर

पदनाम : प्रमुख, पालक साहाय्य विभाग. विभागातील एकूण कर्मचारी : एक, प्रमुख धरून. वय : त्रेचाळीस. उंची : मध्यम. आवाज : फोनवर मधुर, फोन ठेवल्यावर साधारण. ओळखण्याची खूण : उजव्या कानावर हेडफोनचा वळ. सेवेचा कालावधी : सहा वर्षे चार महिने. सदर कालावधीत कर्मचाऱ्याने संस्थेच्या वतीने एकेचाळीस वेळा लेखी दिलगिरी व्यक्त केली असून त्यांपैकी एकाही प्रसंगी चूक तिची नव्हती. वर्तणूक : समाधानकारक. मत्सर : आढळून आला नाही.

शेवटचा रकाना भरणाऱ्याने घाई केली असावी.

संस्था म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. तिथून साधारण नऊशे मुलांना ऑनलाइन शिकवलं जाई. शिकवणारे साठ शिक्षक आपापल्या घरी बसत, मुलं आपापल्या घरी बसत, आणि दोघांच्या मधे जे काही बिघडे ते या तीन खोल्यांत येऊन पडे. पहिल्या खोलीत सर. हे संस्थेचे मालक. पूर्वी गणित शिकवत, त्यामुळे अजून प्रत्येक वाक्यानंतर "समजलं का?" विचारत आणि उत्तराची वाट पाहत नसत. दुसऱ्या खोलीत हिशेब आणि चहा. तिसऱ्या खोलीत समोरासमोर दोन टेबलं. एक सर्व्हरवाल्याचं, एक हिचं. ऑफिसात तिला सगळे माफीताई म्हणत. तोंडावर म्हणत, म्हणजे त्यात वाईट काही नव्हतं.

माफी मागणं ही कला आहे आणि ती आपल्याला येते, याबद्दल माफीताईंच्या मनात शंका नव्हती. "तांत्रिक कारणास्तव काही विद्यार्थ्यांची तात्पुरती गैरसोय झाली." या वाक्यात त्यांनी सहा वर्षांत काय काय कोंबून बसवलं होतं! सगळी साइट दिवसभर झोपली होती तेव्हाही "काही", आणि आठवडाभर फळा उलटा दिसत होता तेव्हाही "तात्पुरती". वाचणाऱ्याला धड राग येऊ नये आणि धड काही कळूही नये, असं पत्र पाडायला हात बसावा लागतो. तो बसला होता. फक्त इतक्या वर्षांत कोणी "पत्र छान होतं" असं म्हटलं नव्हतं. माफीचं कौतुक कोण करतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, आणि ती समजूत आठ महिन्यांपूर्वीपर्यंत टिकली.

आठ महिन्यांपूर्वी सर्व्हरवाला आला. वय एकोणतीस, बोलणं बेताचं, टेबलावर स्वतःची कुंडी. दोष काढावा असं त्याच्यात काही नव्हतं, आणि हाच दोष माफीताईंना सर्वांत जास्त खुपे. तो आल्यावर तक्रारी निम्म्यावर आल्या. सर त्याला भिंतीचा रंगसुद्धा विचारून घेऊ लागले. एकदा कुणा शिक्षिकेने फोन करून "तुमच्या त्या शांत मुलाला धन्यवाद सांगा" म्हटलं, तेव्हा माफीताईंनी "सांगते हं" म्हटलं, आणि सांगितलं नाही. अगदी बारीक गोष्ट. पण बारीक काटाच जास्त सलतो.

तर, गुरुवार. परीक्षा आठ दिवसांवर आलेल्या. दुपारी तीन बावन्नला फोन वाजायला लागला आणि थांबेचना.

"मॅडम, पान उघडत नाहीये. लाल काहीतरी येतंय. धोका आहे म्हणतंय."

"मॅडम, हॅक झालं का? माझ्या मुलाचा फोटो आहे हो त्यात!"

"अहो, मी शिक्षक बोलतोय. मी आत बसलोय, पण माझ्या तासाला एकही मूल नाही. आज सुट्टी दिलीत की काय?"

सर्व्हरवाल्याने स्वतःच्या पडद्याकडे पाहिलं. त्याची साइट चालू होती. तो सकाळपासून आतच होता, आणि आत असलेल्याला कोणी ओळख विचारत नाही. ती दारात विचारतात. सर्व्हरवर लक्ष ठेवणारा जो प्रोग्राम होता तोही आतूनच बघे. तोही "सगळं ठीक" म्हणत होता.

"सर्टिफिकेट असणार," सर्व्हरवाला पुटपुटला. साइटची ओळख पटवणारी ही फाइल नव्वद दिवस चालते. संपायला महिना उरला की आपोआप नवी येते. त्याने फाइल उघडून तारीख पाहिली. अजून दोन महिने बाकी होते. "नाही, हे नाही," म्हणून तो दुसरीकडे शोधायला लागला आणि तासाहून जास्त वेळ भलत्याच दारांवर टकटक करत राहिला. शेवटी पावणेसहाच्या सुमारास त्याने कपाळावर हात मारला. नवी फाइल महिन्यापूर्वी आली होती खरी, पण चालू असलेल्या सर्व्हरने सुरू होताना जुनी वाचून घेतली होती आणि तो आजवर तीच दाखवत बसला होता. त्याला कोणी "नवी वाच" म्हणून सांगितलंच नव्हतं. एरवी दर आठ-पंधरा दिवसांनी काहीतरी बदल व्हायचा, सर्व्हर बंद-चालू व्हायचा आणि जाता जाता नवी फाइल वाचली जायची. या वेळी दीड महिना कोणी सर्व्हरला हात लावला नव्हता.

पाच पन्नासला सर्व्हर रीस्टार्ट झाला. फोन थांबला.

सर दारात आले. "पत्र आजच गेलं पाहिजे. समजलं का?"

माफीताईंनी कीबोर्ड पुढे ओढला. "तांत्रिक कार" एवढं टाइप झालं होतं.

"ताई, तुम्ही नको," सर म्हणाले. "या वेळी यालाच लिहू द्या. काय झालं ते याला माहीत आहे. याच्याच नावाने जाऊ दे. लोकांना माणूस दिसला पाहिजे."

सहा वर्षं लोकांना भूत दिसत होतं की काय, असं माफीताईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

सर्व्हरवाल्याने वीस मिनिटांत लिहून कागद त्यांच्यासमोर धरला. "ताई, जरा बघता का? मला सवय नाही हो याची."

त्यांनी वाचलं.

"आज दुपारी ३:५२ ते ५:५० आपली साइट उघडत नव्हती. चूक माझी आहे. साइटला एक ओळखपत्र असतं. नवं ओळखपत्र वेळेवर आलं होतं, पण ते वापरायला सुरुवात कर असं सर्व्हरला सांगण्याची सोय मी करून ठेवली नव्हती. जुन्याची मुदत संपली आणि तुमच्या ब्राउझरने, बरोबरच, आम्हाला दारात अडवलं. मी आधी नवं ओळखपत्र तपासलं, ते ठीक दिसलं, म्हणून तासभर चुकीच्या जागी शोधत बसलो. कोणाचीही माहिती बाहेर गेलेली नाही. ३७ विद्यार्थ्यांचे तास तुटले. हे पत्र त्यांच्या पालकांना आहे. त्यांना शनिवारी तास भरून मिळेल."

चूक माझी आहे. दोन-तीन शब्दांचा तर खेळ! माफीताईंच्या एकेचाळीस पत्रांत हे वाक्य नव्हतं, आणि नसायला कारणही चोख होतं : चूक त्यांची कधी नव्हतीच. आता कालचा आलेला पोरगा चूक करतो काय, ती उजळ माथ्याने सांगतो काय! चूक न करणाऱ्याला हे भाग्य कुठून यायचं? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पत्र चांगलं होतं. वाईट असतं तर त्यांनी ते प्रेमाने सुधारून दिलं असतं.

आणि मग त्यांची नजर आकड्यावर गेली.

सदतीस. हा आकडा कुठून आला ते त्यांना लगेच कळलं. सर्व्हरच्या नोंदवहीत जे आत होते, नेट तुटून मधेच बाहेर पडले आणि परत येऊ शकले नाहीत, त्यांचीच नोंद होती. ज्यांना दारातच अडवलं ते सर्व्हरपर्यंत पोचलेच नाहीत, मग त्यांची नोंद कुठून असणार? पण त्यांचे फोन आले होते, आणि ते माफीताईंच्या वहीत होते. चार ते पावणेसहामधे एकसष्ट फोन. वेळापत्रकात पाहिलं असतं तर खरा आकडा दोन मिनिटांत निघाला असता.

"कसं वाटतंय?" सर्व्हरवाल्याने विचारलं.

"भाषा छान आहे," माफीताई म्हणाल्या.

पत्र सात वाजता गेलं. सदतीस घरी.

घरी जेवताना त्यांनी हा विषय नवऱ्यापाशी काढला. नवरा विमा कंपनीत दावे नाकारायच्या विभागात होता. म्हणजे एकाच ताटावर एक माफी मागणारी आणि एक कधीच न देणारा बसत, आणि संसार बरा चालला होता.

"सदतीस?" नवरा म्हणाला. "आमच्याकडे असते तर आम्ही सातावर आणले असते."

"खरे जास्त आहेत."

"तू सांगितलंस?"

"मला भाषा बघायला सांगितली होती."

नवऱ्याने घास थांबवून त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "हे वाक्य आमच्या ऑफिसात सोनं आहे सोनं."

नवऱ्याने वाखाणलं म्हणजे काहीतरी चुकलंय, हा वीस वर्षांचा अनुभव होता. तरी त्या गप्प बसल्या. उद्या फोन येतील, पत्र फसल्याचं दिसेल, सर येतील आणि म्हणतील, "ताई, हे तुम्हालाच जमतं." मनातल्या मनात त्यांनी "अहो, काय त्यात" असं म्हणूनही पाहिलं.

शुक्रवारी सकाळी फोन आले नाहीत. पत्रं आली. "इतका सरळ माणूस आजकाल कुठे मिळतो!" "चूक मान्य करायला मोठं मन लागतं. माझ्या मुलाला मुद्दाम वाचून दाखवलं." एका बँकेतल्या काकांनी तर सर्व्हरवाल्याला आयुष्याबद्दल दोन शब्द लिहिले होते. सरांनी ते छापून बाहेरच्या भिंतीवर चिकटवलं, नेमकं पाणी प्यायला जाताना दिसेल असं. माफीताई त्या दिवशी पाणी कमी प्यायल्या.

साडेदहाला एक फोन आला. बाईंचा आवाज थकलेला होता.

"मॅडम, काल आम्हाला तुमचा मेसेज आला. तुमची मुलगी आज तासाला गैरहजर होती, असा."

माफीताईंचा हात वहीवर थांबला. हा मेसेज आपोआप जातो. शिक्षक आत असेल, मूल नसेल, तर तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी. आणि शिक्षकांनी दहा मिनिटं आधी येऊन बसायचं असा नियम होता. चारच्या तासाचे शिक्षक तीन पन्नासला आत बसलेले. तीन बावन्नला दार बंद झालं.

"ती सांगत होती," बाई बोलत होत्या, "आई, पान उघडत नाहीये. मी म्हटलं, परीक्षा आली की तुझी नाटकं सुरू. फोन काढून घेतला तिचा. तर आज सकाळी शेजारच्यांनी दाखवलं, त्यांच्या मुलाला तुमचं माफीचं पत्र आलंय. आम्हाला नाही. तर मी तिला म्हटलं, बघ, ज्यांना खरंच अडचण आली त्यांना पत्र आलंय. तुझं नाव कुठंय त्यात?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तेव्हापासून ती बोलतच नाहीये माझ्याशी. मला भरपाई-बिरपाई काही नको. एवढंच सांगा, ती खरं बोलत होती का?"

सहा वर्षांची तयारी असलेली वाक्यं रांगेने उभी होती. त्यातलं एकही पुढे आलं नाही.

"हो," माफीताई म्हणाल्या. "खरं बोलत होती."

फोन ठेवून त्यांनी वेळापत्रक उघडलं. चार आणि पाचच्या तासांना यायचे होते आणि येऊ शकले नाहीत असे विद्यार्थी : दोनशे बारा. त्यांतल्या एकशे एकतीस घरी "गैरहजर" म्हणून मेसेज गेलेला. म्हणजे एकशे एकतीस घरांत कुणीतरी खोटं ठरलं होतं, आणि पत्र न आल्याने ते कायम झालं होतं.

"ऐक," त्या सर्व्हरवाल्याला म्हणाल्या. "तुझा आकडा चुकलाय."

त्यांनी वही त्याच्यापुढे ढकलली. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. माफीताईंना वाटलं होतं, हे बघताना बरं वाटेल. वाटलं, साधारण चार सेकंद.

"दारात अडवलेले मोजलेच नाहीत मी," तो म्हणाला. "आणि तो मेसेज जातो हे तर मला माहीतच नव्हतं, ताई."

"आणि एक. दीड महिना सर्व्हरला हात का लावला नव्हता, ते पत्रात का नाही लिहिलंस?"

तो कुंडीतलं एक पान उगाच पुसत राहिला.

"बोल की."

"परीक्षा होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही, हे तुमचं सांगणं होतं ना. तुम्ही सरांकडून लिहून घेतलं होतं. बदल केला की तक्रारी येतात म्हणून. ते बरोबरच होतं तुमचं. पण लिहिलं असतं तर लोकांना वाटलं असतं, तुमच्यामुळे झालं. तसं नाहीये. सोय करून ठेवणं माझं काम होतं."

घ्या. म्हणजे हा चूक करण्यात पुढे, ती कबूल करण्यात पुढे, आणि आता दुसऱ्याची झाकण्यातही पुढे! माणसाने दुसऱ्यासाठी एखादा तरी गुण शिल्लक ठेवावा की नाही? माफीताईंना त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचंच आहे असं त्यांनी ठरवून टाकलं.

सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत हळूच बसले. "दुसरं पत्र," ते म्हणाले. "कोण लिहिणार?"

"मी लिहितो," सर्व्हरवाला म्हणाला.

"तू गप्प बस," माफीताई म्हणाल्या. "तुझं झालंय लिहून."

त्यांनी लिहिलं. "तांत्रिक" हा शब्द सवयीने एकदा आला, तो त्यांनी खोडला.

"गुरुवारी दुपारी ३:५२ ते ५:५० आपली साइट उघडत नव्हती. आमच्या पहिल्या पत्रात ३७ विद्यार्थ्यांना त्रास झाला असं म्हटलं होतं. ते चूक आहे. त्यांच्याशिवाय आणखी २१२ मुलं तासाला येत होती आणि आम्ही त्यांना दारातून परत पाठवलं. त्यांतल्या १३१ मुलांच्या घरी आम्ही वर ती गैरहजर असल्याचा मेसेज पाठवला. तो मेसेज खोटा होता. पान उघडत नाही, असं तुमच्या मुलाने सांगितलं असेल तर ते खरं होतं. कृपया त्याला तसं सांगा.

सर्व्हरला नवं ओळखपत्र वाचायला सांगायचं राहून गेलं होतं. एरवी हे लक्षात आलं नसतं, कारण सर्व्हर अधूनमधून बंद-चालू होतो. पण परीक्षेच्या काळात कशालाही हात लावू नये असा नियम केला होता. तो नियम माझा होता.

गैरहजेरीच्या सर्व नोंदी आज पुसल्या आहेत. सर्वांचा तास शनिवारी किंवा रविवारी भरून दिला जाईल; वेळ तुम्ही सांगा. यापुढे नवं ओळखपत्र आलं की सर्व्हर ते आपोआप वाचेल, आणि साइट उघडते का हे दर पाच मिनिटांनी बाहेरून तपासलं जाईल. ही दोन्ही कामं आमच्या इंजिनिअरने आज पूर्ण केली.

पहिल्या पत्रातला आकडा चुकीचा आहे हे पत्र जाण्यापूर्वी मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

खाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं. हातात आलेलं पत्र सर दोनदा वाचून झाल्यावरही धरून राहिले.

"ताई, शेवटची ओळ काढा. कोणी विचारलंय का?"

"नाही."

"मग? लोक म्हणतील, का नाही सांगितलं?"

"म्हणू देत."

"का नाही सांगितलं पण?"

माफीताईंनी सर्व्हरवाल्याकडे पाहिलं. तो कुंडीला पाणी घालत होता, जरुरीपेक्षा जास्त.

"त्याचं पत्र माझ्यापेक्षा चांगलं होतं," त्या म्हणाल्या.

सर काहीतरी म्हणायला गेले, आणि पहिल्यांदाच "समजलं का" त्यांच्याकडून राहून गेलं. ओळ राहिली. तिच्यात पश्चात्ताप किती आणि सर्व्हरवाल्याच्या "चूक माझी आहे"च्या वरताण काहीतरी लिहायची खुमखुमी किती, हे माफीताईंनी तपासून पाहिलं नाही. दोन्ही एकाच शाईने लिहिता येतं, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. उत्तरांच्या पेटीवर त्यांनी लगेच डोळे लावले. आता काहीतरी येणार, वाईट का असेना, पण त्यांच्या नावाने येणार.

सदर पत्र शुक्रवारी दुपारी एक वाजता एकूण दोनशे एकोणपन्नास पालकांना रवाना करण्यात आले. शनिवार सकाळपर्यंत चौदा उत्तरे प्राप्त झाली. त्यातली अकरा सर्व्हरवाल्याचे आभार मानणारी होती.